युरोपच्या सहलीसाठी इंटरनेट: रोमिंग, तिथलं सिम की ई-सिम? एका जीबीचा खरा भाव असा काढा

मावशी आणि काकांनी बारा दिवसांची युरोपची सहल बुक केली: फ्रान्स चार दिवस, स्वित्झर्लंड चार, इटली चार. व्हिसा झाला, शेंगाचटणीची पाकिटं बांधून झाली, आणि मग एका रविवारी काका फोन हातात घेऊन आमच्याकडे आले. "तीन हजाराला दहा दिवस? एवढ्यात इथं वर्षभराचा रिचार्ज होतो की!"

त्या दिवशी आम्ही कागदावर जो हिशोब मांडला, तोच इथे देते आहे. पॅकचे दर आणि चलनाचे भाव सतत हलतात, म्हणून खालचे सगळे आकडे हिशोब समजावा यासाठी धरलेले गोल आकडे आहेत. युरो १०० रुपये आणि डॉलर ९० रुपये धरला आहे. तुम्ही निघायच्या आठवड्यात खरे दर टाकून हीच आकडेमोड पुन्हा करा.

भागायचं कशानं?

जाहिरातीत पॅकची किंमत भागिले पॅकमधले जीबी असा भाव दिसतो. तो निम्माच खरा. शेंगाचटणी पाच किलो घेतली तर किलोमागं स्वस्त पडते, पण घरात एक किलोच खपली आणि बाकीची खवट झाली, तर त्या एका किलोला पाच किलोचे पैसे मोजले असं होतं. डेटाचंही तसंच. परत आल्यावर उरलेले जीबी कुणी विकत घेत नाही. म्हणून सूत्र असं धरा:

```
खरा भाव = (पॅक + कार्डाचं शुल्क + जोडपॅक) ÷ प्रत्यक्ष वापरणार तेवढे जीबी
```

इथे अवघड आहे तो खालचा आकडा. तो आधी काढायचा, पॅक नंतर बघायचे. बहुतेक लोक उलटं करतात.

तुमचा रोजचा खप मोजा

मावशीच्या फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापर पाहिला तर रोजचा सरासरी १.४ जीबी निघाला. बारानं गुणलं की जवळजवळ १७ जीबी. पण ॲपवार यादी उघडली तेव्हा त्यातला मोठा वाटा रील्स आणि मालिकांच्या भागांचा होता. पॅरिसमध्ये आयफेल टॉवरसमोर उभं राहून कुणी मालिका बघत नाही, आणि बघायचीच असेल तर रात्री हॉटेलचं वायफाय असतं. घरचा आकडा सहलीला लावू नका.

आम्ही वेगळं केलं. एका गुरुवारी दोघं अक्कलकोटला जाणारच होते. सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत. निघताना फोनमधला त्या दिवसाचा डेटा आकडा लिहून ठेवला आणि दिवसभर सहलीसारखं वागायला सांगितलं: नकाशा चालू ठेवायचा, फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचे, पुण्यातल्या मुलाशी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल, आणि मालिका नाही. संध्याकाळी आकडा पाहिला तर सुमारे ३५० एमबी. त्यातला मोठा भाग त्या एका व्हिडिओ कॉलनं खाल्ला होता, नकाशाचा वाटा अगदी किरकोळ होता. नकाशाची सगळ्यांनाच भीती असते, पण खाणारा गडी वेगळाच निघतो.

३५० एमबी गुणिले १२, म्हणजे ४.२ जीबी एका माणसाचे. दोघांचे ८.४. हा आपला भाजक. पॅक घेताना मात्र थोडी सवड ठेवायची, म्हणजे एकाला पाच जीबीच्या आसपास.

रोमिंग पॅक: सोपा, पण दिवस मोजून घ्या

आपल्याच भारतीय सिमवर कंपनीचा परदेशी पॅक घ्यायचा. सिम बदलायचं नाही, नंबर तोच, ओटीपी येतात, बहुतेक पॅकमध्ये काही मिनिटं कॉलही असतात. काकांना हाच आवडला होता. धरा, दहा दिवस आणि ५ जीबीचा पॅक ३,००० रुपये. सहल बारा दिवसांची, म्हणून वर दोन दिवसांसाठी दोन एकदिवसीय पॅक, प्रत्येकी ६५० रुपये आणि ५०० एमबी. एकूण ४,३०० रुपये आणि ६ जीबी. कागदावर जीबीला ७१७ रुपये, पण आपण वापरणार ४.२ जीबी, म्हणून खरा भाव १,०२४ रुपये. प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो. पोस्टपेडवाल्यांना बिलात तो वेगळा लागतो, त्यांनी १८ टक्के मिळवून मग भागावं.

रोमिंग पॅकमध्ये दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, देशांच्या यादीत तुमचे तिन्ही देश आहेत का. दुसरी, 'एक दिवस' म्हणजे काय. काही पॅकमध्ये तो सुरू केल्यापासून चोवीस तास असतो, काहींमध्ये भारतीय वेळेनुसार रात्री बारापर्यंत. दुसऱ्या प्रकारात मी स्वतः फसले आहे. उन्हाळ्यात मध्य युरोपचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं, म्हणजे आपल्या रात्री बाराला तिथे साडेआठ वाजलेले असतात आणि बाहेर अजून उजेड असतो. मी तिथल्या संध्याकाळी सहाला एकदिवसीय पॅक सुरू केला आणि जेवायला बसलो तेवढ्यात तो संपला. अडीच तासांचे पैसे मी पूर्ण दिवसाचे मोजले. चूक माझीच, अट पानाच्या तळाशी लिहिलेली होती.

तिथलं सिम: कागदावर सगळ्यात स्वस्त, आणि मध्येच स्वित्झर्लंड

विमानतळावर किंवा गावातल्या दुकानात पासपोर्ट दाखवून पर्यटकांचं प्रीपेड सिम मिळतं. धरा, पॅरिसमध्ये २० जीबीचं सिम २५ युरोला मिळालं. म्हणजे २,५०० रुपये. भारतीय कार्डानं पैसे दिले तर बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत परकीय चलनाचं शुल्क लागतं आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून चार टक्क्यांहून थोडं जास्त, म्हणून सिम २,६०३ रुपयांना पडलं. कागदावर जीबीला १३० रुपये! रोमिंगपुढे हे फुकट वाटतं, आणि इथेच लोक थांबतात.

आता नकाशा समोर घ्या. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून नियम आहे की एका सदस्य देशातलं सिम दुसऱ्या सदस्य देशात जादा शुल्काशिवाय चालावं, ठरावीक मर्यादेपर्यंत. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइनही त्यात येतात. म्हणून फ्रान्सचं सिम इटलीत चालतं. पण स्वित्झर्लंड संघात नाही आणि या व्यवस्थेतही नाही. काही कंपन्या आपल्या मर्जीनं तो देश पॅकमध्ये घालतात, पण घातलाच पाहिजे असा नियम नाही. ब्रिटनही संघाबाहेर पडल्यापासून कंपनीच्या मर्जीवर आहे. आणि सोलापुरातून निघणाऱ्या बहुतेक युरोप सहलींचा जीव स्वित्झर्लंडमध्येच अडकलेला असतो!

तेव्हा हे सिम मावशीला बारापैकी आठच दिवस उपयोगी. स्वित्झर्लंडच्या चार दिवसांसाठी वेगळा पॅक घ्यावा लागेल, तो ८०० रुपयांचा धरू. एकूण ३,४०३ रुपये, वापर ४.२ जीबी, भाव ८१० रुपये. एकशेतीसचे आठशेदहा झाले ते असे. जीबी महाग झाले नाहीत. वीसपैकी सतरा जीबी वायाच जाणार होते, आणि जिथे हवे होते तिथे चालणारच नव्हते.

पैशांत न दिसणारी आणखी एक गोष्ट सांगते. सहल कंपनीची बस तुमच्यासाठी सिमच्या दुकानापुढे थांबत नाही. विमानातून उतरल्यावर सामान, मग रांग, मग सिम चालू होईपर्यंतची वाट, आणि तिकडे मार्गदर्शक झेंडा हलवत उभा. स्वतंत्र फिरणाऱ्यांना, आणि विशेषतः एकाच देशात महिनाभर राहणाऱ्यांना, तिथलं सिम उत्तम. मुलाकडे जर्मनीत दोन महिने राहणाऱ्या आईवडिलांना मी हेच सुचवेन, कारण तिथे वीस जीबी खरंच खपतात.

ई-सिम: आधी फोनला विचारा

ई-सिम म्हणजे प्लास्टिकच्या कार्डाऐवजी फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम. तुमच्या फोनला ते चालतं का हे बघायला डायलर उघडून `*#06#` टाइप करा. समोर येणाऱ्या आकड्यांत `EID` अशी ओळ दिसली तर चालतं. मावशीच्या फोनमध्ये ती दिसली. काकांच्या फोनमध्ये फक्त `IMEI` दिसले, ईआयडी नाही. तिथेच काकांचा मार्ग वेगळा झाला.

परदेशी ई-सिम विकणाऱ्या संकेतस्थळांवर एका देशाचे आणि संपूर्ण युरोपचे असे दोन्ही पॅक असतात. 'युरोप' या शब्दावर जाऊ नका, देशांची यादी उघडून स्वित्झर्लंड डोळ्यांनी पाहा. धरा, स्वित्झर्लंडसह ५ जीबी, तीस दिवस, १६ डॉलर. रुपयांत १,४४०, कार्डाच्या शुल्कासह साधारण १,५००. कागदावर जीबीला ३००, खरा भाव ३५७.

तिथेच १० जीबीचा पॅक २६ डॉलरला होता. शुल्कासह २,४३७ रुपये, कागदावर जीबीला २४४. मोठा पॅक स्वस्त दिसतो. पण एकटी मावशी ४.२ जीबीच वापरणार असेल तर तिला हा ५८० रुपयांनी पडतो. चटणीचा हिशोब पुन्हा तोच.

मात्र हाच १० जीबीचा पॅक दोघांत वाटला तर चित्र उलटतं. मावशीच्या फोनवर ई-सिम, तिच्या हॉटस्पॉटवर काकांचा फोन, वापर ८.४ जीबी. भाव २९०. काकांच्या फोनला ई-सिम चालतच नसल्यामुळे हा पर्याय आम्हाला अधिकच सोयीचा होता. दोन अटी आहेत. पॅकवर हॉटस्पॉटला परवानगी असली पाहिजे, कारण काही पॅक ती बंद ठेवतात. आणि दोघं सोबत असली पाहिजेत. लूव्रच्या गर्दीत काका चुकले तर त्यांच्याकडे नेट नाही. म्हणून काकांच्या भारतीय सिमवर एक ६५० रुपयांचा एकदिवसीय रोमिंग पॅक राखीव धरला, गरज पडली तरच घ्यायचा. तो घ्यावा लागला असता तरी दोघांचे मिळून ३,०८७ रुपये, जीबीला ३६७. दोघांनी रोमिंग घेतलं असतं तर ८,६००. फरक काकांना लगेच पटला, कारण तो आकडा त्यांनी स्वतः वहीत लिहिला होता.

'अनलिमिटेड' लिहिलेल्या पॅकबद्दल एवढंच: रोज ठरावीक डेटानंतर वेग पाडला जातो का, ते पाहा. पाडत असतील तर पूर्ण वेगाचे रोजचे जीबी गुणिले दिवस एवढेच पॅकमधले जीबी मानायचे.

बसवणं, आणि त्यातले तीन खड्डे

ई-सिम सोलापुरातच, घरच्या वायफायवर उतरवून घ्या. क्यूआर कोड स्कॅन करायला इंटरनेट लागतं, आणि पॅरिसला उतरल्यावर नेमकं तेच नसतं. कार्डाचा परदेशी व्यवहारही घरूनच सुरू करून ठेवा, अनेक कार्डांवर तो मुळात बंद असतो. एक मात्र आधी वाचा: पॅकची मुदत फोनमध्ये बसवल्यापासून सुरू होते की तिथलं नेटवर्क पहिल्यांदा पकडल्यापासून. पहिलं असेल तर निघायच्या आदल्या रात्री बसवा. आणि बसवल्यावर 'चालत नाही' म्हणून काढून टाकू नका. बरेच क्यूआर कोड एकदाच चालतात. भारतात ते सिम सेवा नाही असं दाखवणारच, त्याचा देश अजून आलेला नाही.

पहिला खड्डा डेटा रोमिंगच्या बटणाचा. आपल्या डोक्यात 'रोमिंग बंद ठेवायचं' एवढं पक्कं बसलेलं असतं की लोक ते ई-सिमवरही बंद ठेवतात. असे बरेच ई-सिम मुळात तिसऱ्याच देशातल्या कंपनीचे असतात आणि युरोपात ते स्वतःच रोमिंगवर चालतात. म्हणून ई-सिमवर `Data roaming` चालू, भारतीय सिमवर बंद. सिग्नलच्या दांड्या भरलेल्या आणि नेट मात्र नाही, असं दिसलं तर सगळ्यात आधी हेच बटण बघा. ते बरोबर असेल तर एपीएन, म्हणजे फोननं नेटला कुठून जोडायचं ते सांगणारं नाव, पॅकसोबत आलंय तसंच्या तसं फोनमध्ये टाकलंय का ते तपासा, आणि मग विमान मोड एकदा चालू-बंद करा.

दुसरा खड्डा जास्त महागाचा. अनेक फोनमध्ये एक सोय असते: एका सिमचं नेट मंदावलं की फोन आपणहून दुसऱ्या सिमचा डेटा घेतो. आयफोनवर ती `Allow Mobile Data Switching` या नावानं असते, अँड्रॉइडवर नाव फोनगणिक बदलतं. डोंगरात सिग्नल गेला आणि त्याच वेळी भारतीय सिमवर डेटा रोमिंग चालू राहिलेलं असलं, तर पॅकशिवायच्या दरानं डेटा मोजला जातो आणि जीबीच्या भावाचा सगळा हिशोब कोसळतो. ही सोय बंद करा, भारतीय सिमवरचं डेटा रोमिंगही बंद ठेवा. दोन कुलुपं. विमान आकाशात असताना विमान मोडही लावाच, कारण काही विमानांत आणि जहाजांत त्यांचं स्वतःचं नेटवर्क असतं आणि नेहमीच्या पॅकमध्ये ते सहसा येत नाही.

तिसरा खड्डा व्हॉट्सॲपचा. ई-सिम रोमिंगवर असल्यामुळे अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप त्याला रोमिंगच समजतं. `Storage and data` मध्ये `When roaming` अशी ओळ आहे, तिथल्या सगळ्या खुणा काढून टाका. नाहीतर सकाळच्या 'शुभ प्रभात'च्या व्हिडिओंत तुमचे जीबी जातील. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअपही फक्त वायफायवर ठेवा. अक्कलकोटच्या चाचणीत मावशीचा बॅकअप बंद होता म्हणून ३५० एमबी आले. तो चालू असता तर आकडाच वेगळा आला असता. व्हॉट्सॲपनं नवा नंबर घ्यायचा का असं विचारलं तर नाही म्हणा, जुनाच नंबर नव्या नेटवर चालतो.

भारतीय सिम फोनमधून काढायचं नाही. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. त्यासाठी त्या सिमची मुदत संपलेली नसावी आणि कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सुरू केलेली असावी. पॅक घ्यायलाच हवा असं नाही. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, तरी आपल्या कंपनीच्या दरपत्रकात ती ओळ बघून घ्या. येणारा फोन मात्र पॅक नसताना उचलू नका, तिथे मिनिटाचे पैसे लागतात. मावशीनं निघायच्या आधी सगळ्या ग्रुपांवर लिहून टाकलं: फोन करू नका, व्हॉट्सॲपवर बोला.

झालं काय

परत आल्यावर मावशीच्या फोनवर ई-सिमचा वापर ७.३ जीबी दिसला, हॉटस्पॉटसकट. काका कुठे चुकले नाहीत, राखीव पॅक घ्यावाच लागला नाही. २,४३७ भागिले ७.३, म्हणजे जीबीला ३३४ रुपये. टिटलिसच्या बर्फात उभं राहून केलेला व्हिडिओ कॉल सगळ्यात जास्त खाऊन गेला, पण तो मी स्वतः घेतला होता, तेव्हा तक्रार नाही.

एक पायरी मात्र मी सांगायला विसरले होते. मुंबईहून गाडीत बसल्यावर मावशीचा फोन आला, काकांच्या फोनवरून: "अगं, माझं नेट गेलं, फोन बिघडला वाटतं." डेटा अजून ई-सिमवरच लावलेला होता. सेटिंगमध्ये जाऊन `Mobile data` भारतीय सिमवर घ्यायला सांगितलं, आणि दौंड यायच्या आत मालिकेचे राहिलेले भाग सुरू झाले.